फॉर्म भरला, परीक्षेला गेलो नाही: यूपीएससीचा अटेम्प्ट कधी जातो आणि कधी वाचतो

ठाण्यात नौपाड्यातल्या एका अभ्यासिकेत मी नव्या मुलांना यूपीएससीच्या तयारीत मदत करतो. प्रीलिम्स दोन-तीन आठवड्यांवर आली की एकच प्रश्न रोज कोणी ना कोणी विचारतं: "सर, तयारी झाली नाहीये, फॉर्म भरलाय, हॉल तिकीटही काढलंय. आता नाही गेलो तर अटेम्प्ट जाईल का?"

उत्तर सरळ आहे. जात नाही. पण या प्रश्नाच्या आजूबाजूला जे गैरसमज आहेत त्यांच्यामुळे दरवर्षी कितीतरी मुलांचे अटेम्प्ट विनाकारण जळतात, आणि काहींचे वाचूनही उपयोगाला येत नाहीत. म्हणून हा विषय पहिल्यापासून, क्रमाने सांगतो. हे सगळं नागरी सेवा परीक्षेपुरतं आहे, म्हणजे आपण ज्याला आयएएस-आयपीएसची परीक्षा म्हणतो ती. एमपीएससीचं गणित वेगळं आहे, त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

आधी नियम नीट समजून घ्या

नागरी सेवा परीक्षेचे तीन टप्पे: प्रीलिम्स, मेन्स आणि मुलाखत. अटेम्प्ट मोजला जातो तो पहिल्याच टप्प्यावर. नियम असा आहे की प्रीलिम्सच्या कोणत्याही एका पेपरला उमेदवार प्रत्यक्ष बसला, तर त्याने संपूर्ण परीक्षेचा एक अटेम्प्ट दिला असं धरलं जातं. यातले दोन शब्द पक्के लक्षात ठेवा: "प्रत्यक्ष" आणि "एका".

"प्रत्यक्ष" म्हणजे नोंदणी, फॉर्म, फी, हॉल तिकीट यांपैकी कशालाही अटेम्प्टच्या हिशेबात किंमत नाही. पोर्टलवर एकदाच करायची नोंदणी केली, तो अटेम्प्ट नाही. फॉर्म भरून केंद्र निवडलं, शंभर रुपये भरले, तरी नाही. हॉल तिकीट डाउनलोड केलं, प्रिंट काढून पाकिटात ठेवलं, तरीही नाही. पेपरला बसलात तर मोजला, नाही बसलात तर नाही.

आयोगाला हे नवीन नाही. 2024 च्या परीक्षेसाठी 9,92,599 जणांनी अर्ज केले होते आणि प्रत्यक्ष बसले 5,83,213. म्हणजे चार लाखांहून जास्त मुलं घरी राहिली. त्यातल्या एकाचाही त्या वर्षीचा अटेम्प्ट मोजला गेलेला नाही. गैरहजर राहिल्याचा दंड नाही, पुढच्या वर्षी फॉर्म भरताना अडवत नाहीत, नावापुढे कसली खूणही राहत नाही. फी मात्र परत मिळत नाही. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना मुळात फीच नसते, त्यामुळे त्यांचं तेवढंही नुकसान होत नाही.

काही वर्षी आयोगाने भरलेला अर्ज मागे घेण्याची सोय दिली होती. तेव्हा पुष्कळ मुलांची समजूत झाली की अर्ज मागे घेतला नाही तर अटेम्प्ट धरतात. तसं कधीच नव्हतं. आयोगाला आसनव्यवस्था, पर्यवेक्षक, छापील पेपर यांची सोय अर्जांच्या संख्येनुसार करावी लागते आणि निम्म्याच्या आसपास बाकं रिकामी राहतात. तो खर्च कमी व्हावा म्हणून ती सोय होती. तुमच्या अटेम्प्टशी तिचा संबंध नव्हता.

"कोणत्याही एका पेपरला" हे कुठे नडतं

प्रीलिम्सला एकाच दिवशी दोन पेपर असतात. सकाळी साडेनऊ ते साडेअकरा सामान्य अध्ययन, म्हणजे जीएस. दुपारी अडीच ते साडेचार सीसॅट. सीसॅट फक्त पात्रतेपुरता आहे, त्यात 33 टक्के पुरतात. मेरिट लागतं ते जीएसच्या गुणांवर. मात्र उमेदवार पात्र धरला जायचा असेल तर दोन्ही पेपर द्यावेच लागतात. एकाला गैरहजर राहिलं की त्या वर्षीचा निकाल संपला.

आता हे दोन नियम एकत्र ठेवून बघा. एका पेपरला बसलात तर अटेम्प्ट गेला. एका पेपरला नाही बसलात तर निकाल गेला. म्हणजे एकच पेपर देणं हा सगळ्यात तोट्याचा व्यवहार आहे: अटेम्प्टही जातो आणि हाताला काही लागत नाही. तरीही दरवर्षी मुलं हे करतात, आणि दोन्ही बाजूंनी करतात.

पहिली बाजू बघा. कामोठ्यात राहणारा एक मुलगा धरा. प्रीलिम्सची केंद्रं पहिल्यांदा येईल त्याला प्रथम या पद्धतीने मिळतात आणि बहुतेक शहरांना संख्येची मर्यादा असते. याने फॉर्म शेवटच्या दिवसांत भरला, नवी मुंबई भरलेली होती, म्हणून ठाणे घेतलं. शाळा निघाली घोडबंदर रोडवर, आतल्या बाजूला. मानसरोवरहून ठाण्याची गाडी पकडून हा ठाणे स्टेशनला उतरला तेव्हा सव्वाआठ झाले होते. बाहेर रिक्षाची रांग, पुढे घोडबंदरचं ट्रॅफिक, आणि त्याच नावाच्या शाळेच्या दुसऱ्या इमारतीसमोर रिक्षावाल्याने सोडलं. बरोबर फाटकाशी पोचला तेव्हा नऊ वाजून सहा मिनिटं झाली होती. फाटक पेपरच्या अर्धा तास आधी, म्हणजे नऊला बंद होतं. आत घेतलं नाही.

इथपर्यंत त्याचा अटेम्प्ट शाबूत आहे. फाटकापर्यंत येणं म्हणजे परीक्षेला बसणं नव्हे. नुकसान झालं ते यानंतर. एवढं लांब आलोच आहोत, दुपारचा सीसॅट तरी देऊ, सराव होईल, असं त्याने ठरवलं. दीड वाजता आत गेला, हजेरीपत्रकावर सही केली, ओएमआर भरली आणि साडेचारला बाहेर आला. जीएसचा पेपर नाही म्हणजे निकालात त्याचं नाव येणं अशक्यच होतं. पण सहांपैकी एक अटेम्प्ट त्या दुपारी संपला. सकाळी फाटकावरून तसाच घरी गेला असता तर त्या वर्षाची नोंद फक्त "गैरहजर" एवढीच राहिली असती.

सराव हवा असेल तर हाच सीसॅटचा पेपर संध्याकाळपर्यंत बाहेर आलेला असतो. परीक्षा संपल्यावर प्रश्नपुस्तिका घरी न्यायला मिळते, त्यामुळे मित्राकडून फोटो येतातच, आणि आयोग स्वतः आपल्या संकेतस्थळावर पेपर टाकतो. दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेत घड्याळ लावून तोच पेपर दोन तासांत सोडवला असता, तर तोच सराव अटेम्प्ट न घालवता झाला असता.

दुसरी बाजू याच्या उलट आहे आणि ती जास्त दिसते. सकाळचा जीएस वाईट गेला, बाहेर येऊन मुलांशी उत्तरं ताडून पाहिली, आणि मुलगी म्हणाली, "आता सीसॅट देऊन काय उपयोग? घरी जाते, निदान अटेम्प्ट तरी वाचेल." तो वाचत नाही. सकाळी सही झाली तिथेच अटेम्प्ट गेला, दुपारच्या गैरहजेरीने तो परत येत नाही. उलट सीसॅट न दिल्याने, कटऑफ खाली आला तरी निकालात यायची उरलीसुरली शक्यताही तिने स्वतःच संपवली. पेपर अवघड गेला की सगळ्यांनाच अवघड गेलेला असतो आणि कटऑफ खाली येतो. बाहेरच्या गप्पांत हे कोणाच्या ध्यानात राहत नाही.

मधल्या तीन तासांचा आणखी एक धोका आपल्या भागात आहे. प्रीलिम्स रविवारी असते आणि रविवारी लोकलला मेगाब्लॉक. तो बहुतेकदा सकाळी उशिरा सुरू होऊन दुपारपर्यंत चालतो, म्हणजे जाताना गाडी मिळते आणि मधल्या वेळात अडकायला होतं. जेवायला घरी जाऊन येतो म्हणणारी मुलं कधी हार्बरवर, कधी ट्रान्सहार्बरवर अडकतात आणि दुपारी दोनचं फाटक चुकतं. त्यांचा अटेम्प्ट गेलेला असतो आणि निकालही. म्हणून केंद्राच्या आसपासच थांबा, डबा बरोबर न्या.

जायचं की नाही, हे कधी ठरवायचं

निर्णयाची शेवटची घडी म्हणजे सकाळी फाटकातून आत जाण्याआधीची. आत गेल्यावर विचार बदलू नका. वर्गात जागेवर बसलात, हजेरीपत्रकावर सही केलीत, ओएमआर हातात घेतलीत, की तुम्ही परीक्षेला बसलात. मग ओएमआरवर एकही गोळा काळा केला नाही तरी फरक पडत नाही. कोरी उत्तरपत्रिका देऊन आलो म्हणजे अटेम्प्ट धरला जाणार नाही, अशी समजूत बऱ्याच ठिकाणी ऐकली आहे. ती चुकीची आहे. किती लिहिलं हे मोजत नाहीत, बसलात की नाही हे मोजतात. आणि पेपर संपेपर्यंत बाहेर सोडतही नाहीत, त्यामुळे "पेपर बघून ठरवतो" याला जागाच नाही.

याच न्यायाने उत्तरपत्रिका रद्द झाली तरी अटेम्प्ट गेलेलाच राहतो. ओएमआरवर रोल नंबरचा गोळा चुकला आणि पत्रिका तपासलीच गेली नाही, किंवा नंतर कागदपत्रांच्या कारणाने उमेदवारी रद्द झाली, तरी तुम्ही हजर होतात ही वस्तुस्थिती मोजली जाते. नियमांत हे स्वतंत्रपणे लिहिलेलं आहे.

आदल्या आठवड्यात एक काम करा. घड्याळ लावून, काळा बॉलपेन आणि ओएमआरची प्रिंट घेऊन, सकाळी साडेनऊलाच एक पूर्ण जीएस पेपर सोडवा. गेल्या वर्षांतला, आधी न पाहिलेला. चुकीच्या उत्तराला एकतृतीयांश गुण कापून बेरीज करा आणि त्या वर्षीच्या तुमच्या प्रवर्गाच्या कटऑफशी लावून बघा. दोनदा केल्यावरही कटऑफ खूप लांब असेल, आणि वय हाताशी असेल, तर घरी राहणं हा शहाणपणाचा निर्णय ठरू शकतो. कटऑफच्या जवळपास असाल तर जा. नुसत्या भीतीने घरी बसलेली मुलं पुढच्या वर्षीही त्याच भीतीने घरी बसलेली मी पाहिली आहेत. त्यांचे अटेम्प्ट सगळे शिल्लक राहतात आणि वय निघून जातं.

वय हा दुसरा काटा आहे, आणि तो थांबत नाही

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून थोडं सावकाश सांगतो. खुल्या प्रवर्गाला सहा अटेम्प्ट आणि कमाल वय 32. ओबीसींना नऊ अटेम्प्ट आणि 35. अनुसूचित जाती-जमातींना अटेम्प्टची मर्यादा नाही, वय 37. दिव्यांग उमेदवारांना, खुल्या, ईडब्ल्यूएस किंवा ओबीसी प्रवर्गातले असले तर, नऊ अटेम्प्ट आणि वयात आणखी दहा वर्षं. वय परीक्षेच्या वर्षातल्या 1 ऑगस्टला मोजतात.

आपल्याकडच्या मुलांनी एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवावी. ईडब्ल्यूएसमधून फॉर्म भरला तर जागांचं आरक्षण मिळतं, पण अटेम्प्ट सहाच आणि वय 32 च. मराठा समाजाला राज्यात मिळणारं एसईबीसी आरक्षण केंद्राच्या परीक्षेत लागत नाही, तिथे तो उमेदवार खुल्या प्रवर्गातला किंवा ईडब्ल्यूएसमधला. आणि राज्याच्या यादीत ओबीसी असलेली जात केंद्राच्या यादीत आहे का, हे तपासल्याशिवाय नऊ अटेम्प्ट गृहीत धरू नका.

गैरहजर राहून अटेम्प्ट वाचतो, पण वर्ष वाचत नाही. एक हिशेब पूर्ण करून दाखवतो. ऐरोलीची एक मुलगी, खुला प्रवर्ग, जन्म 10 जुलै 1994. तिने 2019 पासून 2025 पर्यंत दरवर्षी फॉर्म भरला. फी नसल्याने भरायला काही अडत नव्हतं.

2019 साली प्रीलिम्स 2 जूनला होती. फॉर्म भरला, अभ्यास सुरूच झाला नव्हता, गेली नाही. अटेम्प्ट शून्य.

2020 ची परीक्षा कोविडमुळे पुढे ढकलून 4 ऑक्टोबरला झाली. दोन्ही पेपर दिले, निकाल लागला नाही. अटेम्प्ट एक.

2021 साली, 10 ऑक्टोबरला, हॉल तिकीट काढून ठेवलं होतं पण घरात आजारपण आलं. गेली नाही. अजूनही एकच.

2022 साली, 5 जूनला, जीएस दिला, वाईट गेला असं वाटून दुपारी घरी आली. अटेम्प्ट दोन.

2023 साली, 28 मेला, दोन्ही पेपर दिले आणि प्रीलिम्स निघाली. पण मेन्सची तयारी झाली नाही म्हणून मेन्सला बसली नाही. इथे बरीच मुलं गोंधळतात. मेन्सची गैरहजेरी अटेम्प्ट वाचवत नाही, कारण तो प्रीलिम्सलाच मोजून झालेला असतो. अटेम्प्ट तीन.

2024 साली, 16 जूनला, केंद्रावर उशिरा पोचली, फाटक बंद. परत आली, दुपारीही गेली नाही. तीनच.

2025 साली, 25 मेला, दोन्ही पेपर दिले. अटेम्प्ट चार.

सात फॉर्म, चार अटेम्प्ट, कागदावर दोन शिल्लक. आता वय बघा. 1 ऑगस्ट 2025 ला ती 31 वर्षांची होती, म्हणून 2025 ला बसता आलं. 1 ऑगस्ट 2026 ला तिला 32 पूर्ण होतात. नियम म्हणतो त्या तारखेला 32 पूर्ण झालेली नसावीत. म्हणजे तिच्याकडे दोन अटेम्प्ट आहेत आणि एकही परीक्षा नाही. वाचवलेले अटेम्प्ट असे वाया जातात.

म्हणून वही काढा आणि दोन आकडे शेजारी शेजारी लिहा. किती अटेम्प्ट उरले, आणि वयाने किती परीक्षा देता येतील. दुसरा आकडा लहान असेल तर अटेम्प्ट वाचवण्यात काही अर्थ नाही, प्रत्येक वर्षी जा. पहिला लहान असेल तरच गैरहजर राहून काही हाती राहतं. बावीस-तेवीसाव्या वर्षी सुरुवात केलेल्या खुल्या प्रवर्गातल्या मुलाला अटेम्प्ट आधी संपतात, त्याने जपून वापरावेत. नोकरी करत अठ्ठाविसाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याचं वय आधी संपतं. दोघांना एकच सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, त्यांचं ऐकू नका.

या बाबतीत न्यायालय काय म्हणेल याची आशा बाळगणाऱ्यांसाठी 2020 चं उदाहरण आहे. त्या वर्षी कोविडच्या काळात शेवटचा अटेम्प्ट दिलेल्या उमेदवारांनी एक जादा संधी मागितली होती. तयारी करता आली नाही, क्लास-लायब्ररी बंद होत्या, आरोग्य सेवेतले काही जण तर कामावरच होते. केंद्र सरकार एका टप्प्यावर वयात बसणाऱ्यांना एकदाच संधी द्यायला तयार झालं होतं. पण 24 फेब्रुवारी 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. 4 ऑक्टोबरला जे बसले त्यांचा अटेम्प्ट गेला तो गेलाच. त्या दिवशी जे घरी राहिले आणि ज्यांचं वय बाकी होतं, त्यांना पुढच्या वर्षी बसायला कोणाकडे मागणी करावी लागली नाही. पेपरला बसल्यावर परिस्थिती कितीही कठीण असली तरी मोजणी बदलत नाही, एवढं यातून घ्या.

स्वतःची नोंद ठेवा, कारण फॉर्ममध्ये आकडा तुम्हालाच लिहायचा आहे

फॉर्ममध्ये आतापर्यंत किती अटेम्प्ट दिले हे विचारतात. प्रीलिम्स निघाल्यावर भरायच्या सविस्तर अर्जातही हा प्रश्न येतो. इथे भरलेले फॉर्म लिहायचे नाहीत, दिलेले अटेम्प्ट लिहायचे. ऐरोलीच्या त्या मुलीने 2025 चा फॉर्म भरताना सहा लिहिले असते तर तिने स्वतःलाच बाद केलं असतं. बरोबर उत्तर तीन. गैरहजर राहिलेली वर्षं मोजणारी मुलं खरोखर भेटतात, आणि भीतीपोटी जास्त आकडा लिहून बसतात. त्या वर्षीचा चालू अटेम्प्ट धरायचा की नाही, हे प्रश्नाशेजारच्या सूचनेत वाचून मगच भरा, अंदाजाने नको.

नोंद अशी ठेवा: वर्ष, रोल नंबर, जीएस दिला का, सीसॅट दिला का, मोजला का. एका पानात आयुष्यभराचा हिशेब मावतो. गैरहजर राहिलेल्या वर्षाचंही हॉल तिकीट जपून ठेवा आणि त्यावर पेनाने "बसलो नाही" असं तारखेसह लिहा. चार वर्षांनी सविस्तर अर्ज भरताना 2021 ला आपण गेलो होतो की नाही हे आठवायला घरच्यांना विचारत बसण्यापेक्षा हे बरं. बसलेल्या वर्षाची प्रश्नपुस्तिका घरी आलेली असते, तीही ठेवा.

प्रवर्ग बदलला तरी जुने अटेम्प्ट पुसले जात नाहीत. ओबीसी म्हणून सात अटेम्प्ट दिले आणि पुढे वडिलांच्या उत्पन्नामुळे क्रिमी लेयरमध्ये गेलात, तर खुल्या प्रवर्गाची सहाची मर्यादा तुम्ही आधीच ओलांडलेली असते. त्यामुळे नॉन क्रिमी लेयरचा दाखला पुढच्या वर्षी मिळणार नाही अशी शंका असेल, तर ओबीसीतल्या मुलाने सहावा अटेम्प्ट देण्याआधी हा विचार करावा.

आणि आकडा कमी लिहायचा मोह कधीही होऊ देऊ नका. 2024 साली एका परिविक्षाधीन अधिकाऱ्याच्या बाबतीत आयोगाने असं जाहीर केलं की नाव आणि आईवडिलांची नावं बदलल्याने अटेम्प्टची संख्या लक्षात आली नव्हती. 31 जुलै 2024 ला त्या उमेदवाराची उमेदवारी रद्द झाली आणि आयोगाच्या सगळ्या परीक्षांतून कायमची बंदी घातली गेली. त्याच वेळी आयोगाने 2009 ते 2023 या काळात शिफारस झालेल्या पंधरा हजारांहून जास्त उमेदवारांच्या नोंदी पुन्हा तपासल्या. म्हणजे निवड होऊन नोकरी लागल्यावरही जुने अटेम्प्ट मोजले जाऊ शकतात.

लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी यात घाबरायचं कारण नाही. राजपत्रातली नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र ठेवा, फॉर्ममध्ये नाव बदलल्याचं विचारलं तिथे खरं ते भरा आणि जुन्या नावाने दिलेले अटेम्प्ट त्याच आकड्यात धरा.

एमपीएससीला हा हिशेब लावू नका

ठाण्यात आणि नवी मुंबईत बहुतेक मुलं दोन्ही परीक्षा एकत्र देतात, त्यामुळे नियमांची सरमिसळ होते. ठाणे महापालिकेच्या चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्थेत यूपीएससीची तयारी करणारा मुलगाही राज्यसेवेचा फॉर्म भरतोच.

एमपीएससीने 30 डिसेंबर 2020 ला यूपीएससीसारखीच कमाल संधींची मर्यादा जाहीर केली होती. खुल्या प्रवर्गाला सहा, मागासवर्गीयांना नऊ, अनुसूचित जाती-जमातींना मर्यादा नाही. मोजणीचा नियमही तोच, पूर्व परीक्षेच्या एका पेपरला बसलात की संधी गेली. त्यावर बरीच ओरड झाली आणि 2022 साली आयोगाने ती मर्यादा मागे घेतली. आता राज्यसेवेला वय बसतंय तोवर कितीही वेळा बसता येतं. त्यामुळे एमपीएससीच्या पूर्व परीक्षेला अटेम्प्ट वाचवायचा म्हणून घरी राहणं निरर्थक आहे. तयारी अर्धवट असली तरी जाऊन या, जायचं नसेल तर त्याचं कारण दुसरं असू द्या.

2020-21 च्या काळातले व्हिडिओ आणि मेसेज अजून फिरतात आणि त्यात सहा संधींचा नियम चालू असल्यासारखा सांगितलेला असतो. शंका आली तर त्या वर्षीच्या जाहिरातीतला वयोमर्यादा आणि पात्रतेचा भाग उघडून वाचा. आयोगाचं कार्यालय आता सीबीडी बेलापूरला आहे, पण त्यासाठी तिथे खेप मारायची गरज नाही, जाहिरात संकेतस्थळावर मराठीतच असते. यूपीएससीच्या बाबतीतही हेच करा. दरवर्षीची अधिसूचना निघाली की त्यातला अटेम्प्टच्या संख्येचा परिच्छेद आणि त्याखालच्या टिपा काढून त्या नोंदवहीत चिकटवून ठेवा. मूळ परिच्छेद फार तर अर्ध्या पानाचा असतो, आणि फॉर्म भरताना तोच समोर लागतो.